घाटाच्या आदल्या संध्याकाळी ई-सायकलची तयारी

बाबा दर रविवारी कोंढव्याहून बोपदेव घाटातून सासवडला जातात, ई-सायकलवर. तीन वर्षं काही अडलं नाही. गेल्या डिसेंबरपासून मात्र घाटाच्या मधल्या वळणांवर मोटर सोडून द्यायला लागली. सपाटीवर ठीक, उतारावर ठीक, चढ लागला की दम संपल्यासारखी बंद. दुकानदाराने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, बाबांनीही ते मान्य करून टाकलं. तपासून पाहिल्यावर बॅटरी थकलेली होती हे खरं निघालं, पण घाटात मोटर बंद पाडण्यात दुसऱ्याच एका जागेचाही हात होता. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी सायकल एका ठरावीक क्रमाने बघते. घाट चढायला निघणाऱ्या कुणालाही हा क्रम उपयोगी पडेल.

हात लावण्याआधी एक गोष्ट आठवून ठेवा: मोटर बंद पडते तेव्हा डिस्प्लेचं काय होतं? डिस्प्ले चालू राहून फक्त जोर गेला, आणि दोन मिनिटं थांबल्यावर तो परत आला, तर बहुधा व्होल्टेज खाली गेल्यामुळे कंट्रोलरने, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला सोडणाऱ्या डब्याने, मोटर तोडलेली असते. डिस्प्लेसकट सगळं अंधारलं आणि बॅटरीचं बटण पुन्हा दाबल्याशिवाय किंवा घरी येऊन चार्जर लावल्याशिवाय जागं झालं नाही, तर बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, हात वर केलेला असतो. खड्ड्यात दणका बसला की डिस्प्ले क्षणभर विझून स्वतःच पुन्हा सुरू होत असेल, तर कुठला तरी जोड सैल आहे. आणि डिस्प्ले शांत, व्होल्टेज शाबूत, तरी मोटर तुटक तुटक चालत असेल तर संशय सेन्सरवर घ्या. बाबांना मी हे चारही प्रश्न विचारले. ते म्हणाले, "अगं, डिस्प्ले चालूच असतो. बॅटरीच्या काड्या दोन होतात, थांबलो की परत चार." अर्धं निदान या एका वाक्यातच झालं होतं.

तयारीची सुरुवात चार्जिंगपासून. 36 व्होल्टच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक गट 4.2 व्होल्टवर, म्हणजे सगळे मिळून 42 व्होल्टवर यायला हवेत. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही घरात कुणी जागं असेपर्यंत तास-दीड तास चार्जर तसाच राहू द्या. बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये मागे पडलेले गट बाकीच्यांच्या पातळीवर येण्याचं काम या शेवटच्या टप्प्यातच होतं. चार्जर काढून तासाभराने मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या आणि वहीत लिहा. 41.5 च्या आसपास असेल तर छान. पूर्ण चार्ज करूनही आकडा 40 च्या वर सरकत नसेल तर एखादा गट मागे पडलेला असू शकतो, आणि घाटात तोच आधी तळ गाठतो. बॅटरी उघडून बघायचा मोह मात्र आवरा. बीएमएसला बगल देऊन वायर जोडायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका, कारण आग लागू नये म्हणून असलेली वस्तू तीच आहे. थंडीच्या दिवसांत बॅटरी रात्री सायकलवर न ठेवता घरात घ्या. गार सेलचा आतला रोध वाढतो आणि चढावर व्होल्टेज आणखी खाली जातं. बाबांची तक्रार डिसेंबरात सुरू होण्याचं एक कारण हेही होतं.

आता मुख्य मोजणी. थांबलेल्या सायकलचं व्होल्टेज घाटाबद्दल फार थोडं सांगतं. बॅटरीतून जितका जास्त प्रवाह ओढाल तितकं तिचं व्होल्टेज दबतं, आणि चढावर हळू चालणारी मोटर सगळ्यात जास्त प्रवाह ओढते. म्हणून मोजायचं ते चढ चढताना. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प त्यासाठी पुरला. मी बॅटरी मुद्दाम अर्धी वापरून घेतली, कारण पूर्ण भरलेल्या बॅटरीवर दोष लपतो. मीटर हँडलला चिकटपट्टीने बांधला, त्याच्या चिमट्यांच्या वायरी कंट्रोलरकडे जाणाऱ्या प्लस-मायनसला लावल्या, आणि मीटरच्या पडद्यासमोर मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवला. बाबा असिस्ट पाचवर ठेवून रॅम्प चढले. थांबलेले असताना 37.2 व्होल्ट, चढताना 31.3. त्यांच्या कंट्रोलरवर लिहिलेली मर्यादा 31 व्होल्ट आहे, त्याखाली तो मोटर तोडतो. रॅम्प वीस सेकंदांचा, म्हणून वाचला. घाटात हाच जोर दहा मिनिटं लागतो.

पण हे जवळपास सहा व्होल्ट नेमके गेले कुठे? सगळे बॅटरीतच गेले असं धरून नवी बॅटरी घेण्याआधी जोड मोजायला हवेत. पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन जोडाच्या बॅटरीकडच्या बाजूच्या प्लसवर आणि दुसरी त्याच जोडाच्या कंट्रोलरकडच्या प्लसवर. दोन्ही पिना एकाच वायरवर असल्यामुळे मीटर फक्त त्या जोडात वाया जाणारं व्होल्टेज दाखवतो. मायनसलाही तसंच. चिमटे पक्के बसवा आणि उघडं तांबं टेपने झाका, कारण प्लसचा चिमटा घसरून मायनसला लागला तर ठिणगी मोठी उडते. चांगल्या जोडात रॅम्प चढतानाही आकडा पॉइंट एकच्या आसपास राहतो. बाबांच्या सायकलवर मायनसला 0.2 होता आणि प्लसला 1.7. मी तोच व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहिला.

कंट्रोलरची मर्यादा 14 अँपिअरची. दोन्ही जोडांत मिळून 1.9 व्होल्ट जात होते, म्हणजे सुमारे 27 वॉट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत. जोड उघडला तर प्लसच्या पिनेभोवतीचं पिवळं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पिन काळवंडलेली आणि तिच्या फाटी दबून एकमेकींना चिकटलेल्या. पावसाळ्यात पाणी शिरून मायनसवर हिरवट थरही धरला होता. अशी पिन घासून पुसून वापरू नका. एकदा तापून नरम पडलेली पिन पुन्हा घट्ट धरत नाही. मी जोडाचे दोन्ही भाग नवे आणले आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनदादांकडून सोल्डर करून घेतले. त्यांनी बॅटरीकडची एक वायर पूर्ण झाकून मगच दुसरी उघडली. दोन्ही एकदम उघड्या ठेवायच्या नाहीत, हे त्यांच्याकडून शिकले. नंतर त्याच रॅम्पवर, तितक्याच वापरलेल्या बॅटरीवर, आकडा 33.1 आला. बॅटरीतला चार व्होल्टचा दबाव तसाच राहिला, तो वयाचा आहे आणि पुढे वाढतच जाणार. पण बंद पडण्याच्या रेषेपासून आता दोन व्होल्टचं अंतर मिळालं.

म्हणून दर शनिवारी बॅटरीचा जोड आणि ती जिथे सरकून बसते ती खाच हाताने हलवून बघा. रॅम्पवर दोन-तीन फेऱ्या मारून लगेच जोडाला बाहेरून बोट लावा. कोमट लागला तरी उघडून पाहा. मोटरच्या गोल, बाण काढलेल्या जोडात बाणासमोर बाण ठेवून तो सरळ आत दाबायचा. पिळून बसवलात तर आतल्या बारीक पिना वाकतात, आणि ती चूक चढावरच उघडी पडते.

सेन्सरचं काम दहा मिनिटांचं. पेडलजवळच्या चकतीत चुंबक बसवलेले असतात, बऱ्याच सायकलींत बारा. मागचं चाक अधांतरी धरून असिस्ट चालू करा आणि पेडल हाताने हळूहळू फिरवा. अगदी हळू फिरवल्यावरच मोटर तुटत असेल, तर चढावर होतं तेच इथे दिसतंय. मिनिटाला साठ फेऱ्यांनी पाय मारले तर कंट्रोलरला सेकंदाला बारा इशारे मिळतात. अवघड गिअरवर वीस फेऱ्यांवर आलात की चारच, आणि काही कंट्रोलर तेवढ्यात पाय थांबले असं समजतात. चकती आणि सेन्सर यांच्यातलं अंतर दोन-तीन मिलिमीटर असावं, चकती सरकलेली किंवा तडकलेली नसावी, मध्ये चिखल नसावा. बाकीचं गिअर सांभाळतो. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका.

ब्रेकच्या दांड्यातला स्विचही मोटर तोडतो. चढताना दोन बोटं ब्रेकवर टेकवायची सवय असेल तर तेवढ्या ओढीनेही मोटर जाते. दांडा सोडल्यावर पूर्ण मागे येतो ना, ते पाहा. शंका असेल तर जागेवर उभ्या सायकलवर एकेका स्विचचा जोड काढून चाचणी घ्या, आणि रस्त्यावर निघण्याआधी तो परत लावा.

मोटर घरघरत, हिसके देत सुरू होत असेल तर तिच्या आतले हॉल सेन्सर, म्हणजे मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला कळवणारे सेन्सर, बघावे लागतात. लाल आणि काळ्या वायरीत 5 व्होल्ट हवेत. चाक हाताने सावकाश फिरवताना पिवळी, हिरवी आणि निळी, प्रत्येकीवर आकडा आळीपाळीने शून्य आणि पाचच्या जवळ जायला हवा. गिअरची हब मोटर असेल तर चाक उलटं फिरवा. सरळ फिरवलं की आतला क्लच सुटतो, मोटर जागची हलत नाही आणि चांगला सेन्सर मेलेला वाटतो. एखाद्या वायरीवर आकडा हललाच नाही तर आधी मोटरचा जोड पुन्हा बसवून बघा. तरी तसंच असेल तर सायकल दुकानात न्या, रविवारचा घाट रद्द.

बाबांच्या पिशवीत आता छोटा मीटर, कोरडं फडकं, टेप आणि चार प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. डिस्प्लेवर काड्यांऐवजी व्होल्टेजचा आकडा लावून दिलाय. चढावर तो 33 च्या खाली गेला की असिस्ट पाचवरून दोनवर आणायचा आणि पायांनी जोर वाढवायचा. 32 ला सावली बघून पाच मिनिटं थांबायचं. थांबल्यावर आकडा 36 च्या वर परत आला नाही, तर बॅटरी खरंच संपत आलीय, तिथूनच मागे फिरायचं.