सोन्याच्या दागिन्यावरील घट आणि मजुरी : बिलाची अंतिम रक्कम कशी तपासावी

दागिन्याची किंमत प्रामुख्याने सोन्याचे मूल्य, घट, मजुरी आणि कर यांची मिळून बनते. त्यांतील सोन्याचा भाव पेढीपेढीत फारसा बदलत नाही. खरा फरक पडतो तो घट आणि मजुरीत, आणि या दोन्ही आकारण्या प्रत्येक सराफ आपापल्या पद्धतीने मांडत असल्यामुळे दोन पेढ्यांच्या किमतींची सरळ तुलना करता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पेढीच्या आकारण्या निव्वळ सोन्याच्या एका ग्रॅमवर आणाव्या लागतात.

पहिली पायरी भावाची. पाटीवर 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमसाठी लिहिलेला असतो आणि दागिना बहुधा 22 कॅरेटचा असतो. म्हणून आपल्या दागिन्याच्या शुद्धतेचा, त्या दिवसाचा, एका ग्रॅमचा भाव विचारून लिहून घ्यावा. 24 कॅरेटच्या भावाला 22 ने गुणून 24 ने भागले की साधारण तोच आकडा यायला हवा.

दुसरी पायरी वजनाची, आणि इथेच सर्वाधिक काळजी लागते. एकूण वजनात काळे मणी, खडे, मीना किंवा पोकळ दागिन्यात भरलेली लाख हे सारे येते. सोन्याचा भाव मात्र निव्वळ वजनालाच लागला पाहिजे. एक मंगळसूत्र घेऊ. काट्यावर ते 21.600 ग्रॅम भरते, त्यातील मणी 1.600 ग्रॅमचे आहेत, म्हणजे सोने 20 ग्रॅम. सोयीसाठी 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर सोन्याचे मूल्य 2,00,000 रुपये होते. मणी वजा केले नाहीत, तर तेवढ्यावरच 16,000 रुपये जास्त जातात.

आता घट. दागिना घडवताना कानशीने घासणे, डाग देणे, पॉलिश करणे यांत थोडे सोने झिजते, आणि ते भरून काढण्यासाठी घट लावतात. हे सोने पूर्णपणे वाया जाते असे मात्र नाही. कारागिराच्या बैठकीखालची धूळ जपून ठेवली जाते, आणि सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा तर तो पिढीजात धंदा आहे. त्यामुळे घटीचा टक्का हे प्रत्यक्ष नुकसानीचे मोजमाप न मानता मजुरीचाच दुसरा भाग मानावा आणि त्यावर घासाघीस करण्यास संकोच करू नये.

समजा, पहिली पेढी 8 टक्के घट आणि ग्रॅमला 600 रुपये मजुरी सांगते. घट 1.600 ग्रॅमची, म्हणजे 16,000 रुपये. मजुरी 20 ग्रॅमवर 12,000 रुपये. दोन्ही मिळून 28,000 रुपये, म्हणजे ग्रॅममागे 1,400 रुपये किंवा 14 टक्के. दुसरी पेढी ‘घट नाही, मजुरी फक्त 13 टक्के’ असे म्हणते. तिची आकारणी 26,000 रुपये होते. ऐकताना ग्रॅमला 600 रुपये मजुरी स्वस्त वाटते, पण कमी पैसे दुसरीकडे लागतात. पहिल्या पेढीने घट मिळवलेल्या 21.600 ग्रॅमवर मजुरी लावली, तर आणखी 960 रुपये वाढतात. म्हणून मजुरी कोणत्या वजनावर लावली आहे, हे विचारावेच. ‘मजुरीवर 50 टक्के सूट’ अशी जाहिरात असेल, तर घटीवर सूट आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

कराचा हिशेब सोपा आहे. तयार दागिना विकत घेताना सोने, घट आणि मजुरी यांच्या एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी लागतो. दुसऱ्या पेढीत 2,26,000 रुपयांवर 6,780 रुपये कर होऊन 2,32,780 रुपये होतात. पहिल्या पेढीत 2,28,000 रुपयांवर 6,840 रुपये कर होऊन 2,34,840 रुपये. हॉलमार्कचे शुल्क नगामागे 45 रुपये आणि त्यावरील कर एवढेच असते, त्यामुळे त्या नावाखाली शेकडो रुपये दिसले तर खुलासा मागावा.

पैसे देण्यापूर्वी दागिना भिंगाखाली पाहावा. भारतीय मानक ब्युरोचे म्हणजे बीआयएसचे चिन्ह, 22K916 सारखी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक अशा तीन खुणा त्यावर असतात. मोबाइलवरील BIS Care ॲपमध्ये Verify HUID निवडून तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात मंगळसूत्र आणि ॲपमध्ये अंगठी असे आढळले, तर तो नग घेऊ नये. वजनाची खात्री मात्र हॉलमार्क देत नाही, ती काट्यावरच करावी.

शेवटी पक्के बिल घ्यावे आणि त्यात निव्वळ वजन, शुद्धता, भाव, घट, मजुरी, हॉलमार्क शुल्क व कर वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते पाहावे. पुढे तपासणीत हॉलमार्क केलेल्या दागिन्याची शुद्धता कमी भरली, तर विकलेल्या वजनावर कमी भरलेल्या शुद्धतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचे शुल्क मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, पण साध्या चिठ्ठीवर ‘मंगळसूत्र, एक नग’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती मागणी सिद्ध करणे कठीण जाते.