लिफ्टची भीती पायरी पायरीने कशी घालवावी

आमची मावशी चौथ्या मजल्यावर राहते आणि गुडघे कुरकुरत असले तरी जिनाच चढायची. एकदा वीज गेली आणि ती दहा मिनिटं लिफ्टमध्ये अडकली, तेव्हापासून. लिफ्टपाशी गेलं की छातीत धडधडायचं, जिन्याकडे वळलं की हायसं वाटायचं. सगळी गोम या हायसं वाटण्यात आहे. जिन्याने आलो म्हणून वाचलो, असा हिशेब मन मांडतं. लिफ्टने गेलो असतो तर काय झालं असतं, हे कधी कळतच नाही आणि भीती ताजी राहते.

आधी एका कागदावर लिफ्टशी संबंधित प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला भीतीचे 0 ते 100 गुण द्या. मावशीची यादी अशी होती: दार उघडं धरून आत उभं राहणं 30, बहिणीबरोबर एक मजला 45, एकटीने एक मजला 65, एकटीने चौथ्यापर्यंत 80, गच्च भरलेली लिफ्ट 95.

सुरुवात 30 च्या आसपासच्या पायरीने करा. आत जाण्यापूर्वी नेमकं काय होईल असं वाटतंय ते लिहा. मावशीने लिहिलं, ‘श्वास कोंडेल, चक्कर येऊन पडेन.’ मग उभं राहायचं. धडधड आधी वाढते, थोड्या वेळाने आपोआप ओसरू लागते. भीती ऐन भरात असताना बाहेर पळालात तर तोच जुना हिशेब पक्का होतो. बाहेर आल्यावर कागद पाहा: पडलात का? हेच रोज, शक्य तर चार-पाच वेळा करा. गुण निम्म्यावर आले की पुढची पायरी.

काम बहुतेकदा फसतं ते छुप्या आधारांमुळे. मावशी मुठीत मोबाइल घट्ट धरून, डोळे मिटून रामरक्षा म्हणत जायची. चार दिवस झाले तरी गुण हलेनात, कारण श्रेय मोबाइलला आणि रामरक्षेला जात होतं. (रामरक्षेशी आमचं भांडण नाही, ती संध्याकाळी म्हणा.) मोबाइल पर्समध्ये गेला, डोळे उघडे राहिले, तेव्हा आकडा उतरू लागला.

आपल्या लिफ्टची सवय झाली की दवाखान्यातली, मॉलमधली लिफ्टही वापरा. नाहीतर मन म्हणतं, फक्त आपलीच लिफ्ट बरी. मध्येच एखादा धक्का बसून भीती परत आली, तर दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढा. मावशीला तसं एकदा करावं लागलं.

ही युक्ती जुनी आहे. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरला खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणल्याची नोंद केली होती.

रक्त पाहून खरोखर चक्कर येत असेल, तर मात्र नुसतं उभं राहून चालत नाही. तिथे रक्तदाब घसरतो, म्हणून हातापायांचे स्नायू ताणायचं तंत्र आधी शिकावं लागतं. अत्याचार किंवा अपघाताच्या आठवणींनी भीती येत असेल, तर हे एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञांबरोबर करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

मावशी आता लिफ्टने येते. गच्च भरलेली असली तर अजूनही पुढच्या फेरीची वाट पाहते.