वहीतल्या नोट्समधून क्रॉसप्रमाणे गणितं लावण्याची तयारी

आधी वर्गातल्या नोट्स चाळून आनुवंशिकतेचं प्रत्येक गणित वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, उत्तर मात्र मागच्या बाजूला. मग गठ्ठे पाडायचे, पण वाटाणा की माणूस हे बघून नाही. किती जनुकं आहेत आणि आईवडिलांचं जीनोटाइप काय, एवढंच बघा. Rr × Rr एका गठ्ठ्यात, Rr × rr हा टेस्ट क्रॉस दुसऱ्यात, दोन जनुकांचे तिसऱ्यात. गुलबक्षीचा तांबडा-पांढरा क्रॉस वेगळा ठेवा, कारण तिथे Rr गुलाबी असतो आणि दुसऱ्या पिढीत ३:१ ऐवजी १:२:१ येतं. रंगांधत्वाची गणितं XᴮXᵇ अशीच लिहा. X गाळला की मुलगे-मुली वेगळे मोजायचं राहून जातं.

सर्वांत जास्त वेळ दोन जनुकांच्या गठ्ठ्याला द्या. चूक पनेट चौकटीत होत नाही, चौकटीच्या कडेला युग्मक लिहिताना होते. RrYy चे युग्मक म्हणून Rr आणि Yy लिहिलेलं दिसलं, तर पुढचं सगळं वाया. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जनुकाचं एकच अक्षर हवं: RY, Ry, rY, ry. आणि हाताने लिहिताना Y आणि y सारखेच दिसतात, म्हणून लहान y खाली रेघ मारायची सवय लावा.

RrYy × Rryy घ्या. R म्हणजे गोल बी, Y म्हणजे पिवळं. दुसऱ्या झाडाचे युग्मक दोनच, Ry आणि ry. त्यामुळे चौकट सोळा घरांची नाही, आठ घरांची. भरल्यावर गोल पिवळे ३, गोल हिरवे ३, सुरकुतलेले पिवळे १, सुरकुतलेले हिरवे १. सवयीने ९:३:३:१ लिहून मोकळं होणारे इथेच अडकतात. पडताळा घ्यायला जनुकं सुटी करा: Rr × Rr मधून गोल ३/४, Yy × yy मधून पिवळं १/२, गुणाकार ३/८. चौकटीशी जुळलं.

टेस्ट क्रॉसच्या गठ्ठ्यात संख्या लहान असेल तर थांबून विचार करा. गोल बीपासून आलेल्या झाडाचा rr शी क्रॉस करून चारही बिया गोल निघाल्या, तरी ते झाड RR आहे हे सिद्ध होत नाही. Rr असतानाही तसं होण्याची शक्यता १/१६ असते. उलट एक जरी बी सुरकुतलेली निघाली, तरी ते Rr हे पक्कं.

शेवटी एक गठ्ठा न जुळणाऱ्यांचा ठेवा. RrYy × rryy मधून १:१:१:१ अपेक्षित असताना दोन प्रकार फार जास्त आणि दोन अगदी थोडे दिले असतील, तर ती दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असण्याचा संशय घ्या. चारही युग्मक सारख्याच प्रमाणात बनतात हे साध्या चौकटीचं गृहीतच तिथे मोडतं. ज्यांच्या नावाने ही चौकट ओळखली जाते त्या रेजिनाल्ड पनेट यांनाही बेटसन यांच्यासोबत स्वीट पीच्या फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार मोजताना असेच न बसणारे आकडे मिळाले होते.