घरच्या खोलीसाठी पहिला माइक घेताना

पहिला माइक कोणता घ्यावा असं विचारलं की लोक लगेच मॉडेलची नावं सांगायला लागतात. कुठल्या खोलीत बसून बोलणार, हे कुणी विचारत नाही. मी घरीच कथावाचन रेकॉर्ड करतो. खोली दहा बाय बाराची, खाली फरशी, गिलावा केलेल्या कोऱ्या भिंती आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. तुमचीही थोड्याफार फरकाने अशीच असणार, असं धरून चालतो.

आधी बसायची जागा ठरवा. पंखा बंद करा, खिडकी लावा.

आता खरा प्रश्न अंतराचा. याच पायरीवर मी माती खाल्ली. 'स्टुडिओ क्वालिटी' असं खोक्यावर वाचून मी कंडेन्सर माइक आणला, हातभर लांब ठेवला आणि वाचायला लागलो. ऐकून बघतो तर माझ्या आवाजाइतकीच खोली ऐकू येत होती. शेजारच्या कुकरची शिट्टी होतीच, शिवाय मी 'ढग' किंवा 'गडगडाट' म्हटलं की कपाटाचा पत्रा मागून बारीक झणझणायचा. दोन महिने मी दोष भिंतींना दिला. अंड्यांचे ट्रेसुद्धा चिकटवले. त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, उलट झुरळं येतात.

होतं असं: तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवर आपटून येणारा आवाज मात्र खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो, तो फारसा उतरत नाही. ५ सेंटीमीटरवरून ४० सेंटीमीटरवर गेलात, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं. तुमचा आवाज १८ डेसिबलने खाली गेला. तो भरून काढायला तुम्ही गेन, म्हणजे माइकचा संकेत वर उचलण्याचं प्रमाण, १८ डेसिबलने वाढवता आणि त्यासोबत भिंती, पंखा, रस्त्यावरचा टेम्पो असं सगळं तेवढंच वर येतं. नंतर सॉफ्टवेअरने ही घुमघुम काढता येईल या आशेवर राहू नका. सलग खरखर बरीच कमी होते, पण शब्दांत मिसळलेली खोली नीट सुटी होत नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक प्रयोग करा. फोनच्या रेकॉर्डरवर एकच परिच्छेद दोनदा वाचा, आधी फोन तोंडापासून चार बोटांवर धरून आणि मग हातभर लांब ठेवून. दोन्ही इअरफोन लावून ऐका. फोन आवाजाची पातळी आपणच वरखाली करतो, त्यामुळे लांबच्या रेकॉर्डिंगमध्ये खोली कशी वर येते ते अगदी स्वच्छ कळतं. माझ्या भाचीने डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये हे करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, दुसरं बाथरूममधून बोलल्यासारखं का येतंय?" खोली तीच होती, बोलणारीही तीच.

आता डायनॅमिक की कंडेन्सर. 'डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही' हे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं आणि ते खोटं आहे. दोन्ही माइक फक्त समोरचं जास्त ऐकणारे, म्हणजे कार्डिऑइड असले आणि दोन्ही हातभर लांब ठेवले, तर खोली दोघांतही जवळपास सारखीच येते. फरक पडतो तो वापरण्याच्या पद्धतीने. डायनॅमिकचा पडदा तारेची गुंडाळी घेऊन हलतो, जरा जड असतो. त्यामुळे तो तोंडाशी आणला तरी सहसा बिघडत नाही आणि खणखणीत बारीक आवाज त्यात थोडे बोथट होतात. कंडेन्सरचा पडदा अतिशय पातळ. तो ओठांची चुकचुकसुद्धा टिपतो, म्हणून माणूस तो लांब सारतो आणि लांब सारला की खोली आत शिरते. तेव्हा माझं मत पक्कं आहे: उघड्याबोडक्या खोलीत पहिला माइक डायनॅमिकच घ्यावा आणि तो चार बोटांवर ठेवून बोलावं. तंबोऱ्यासारखं वाद्य रेकॉर्ड करायचं असेल, किंवा चेहरा व्हिडिओत दिसताना माइक दिसायला नको असेल, तर हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. तिथे कंडेन्सर आणि खोलीत गाद्या, दोन्ही लागतील.

इतक्या जवळ बोलताना मराठीत एक अडचण हमखास येते. भ, फ, ध, ठ यांचा श्वास माइकवर आदळून 'धप्' असा आवाज होतो. माइक नाकासमोर धरू नका, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा. श्वास बाजूने निघून जातो, आवाज मात्र पोचतो. वर फोमची टोपी घाला. जवळ आल्यावर आवाजाला जास्तीचा खर्जही चढतो. बोजड वाटला तर दोन बोटं मागे सरका.

यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआर ही तीन पिनांची जोडणी, तिला मध्ये इंटरफेस नावाची पेटी लागते. यूएसबी की एक्सएलआर, याचं उत्तर मी माणसं मोजून देतो. एकटेच बोलणार असाल तर यूएसबी. कारण डायनॅमिक माइकचा विद्युत संकेत फार क्षीण असतो. शुअर एसएम ७बी या प्रसिद्ध डायनॅमिकचा संकेत ऑडिओ-टेक्निका एटी २०२० या कंडेन्सरच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा आहे. तो वर उचलायला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त इंटरफेसचा गेन अनेकदा त्याच्या अलीकडेच संपतो, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं की 'सूंऽऽ' अशी खरखर सुरू होते. मोठ्या पॉडकास्टवाल्यांचा माइक बघून तोच आणणारे इथे फसतात. यूएसबी माइकमध्ये ही उचल देणारं सर्किट आतच असतं, त्याच माइकला जुळवलेलं.

एकाच खोलीत दोघं बोलणार असतील तर मात्र एक्सएलआर आणि दोन चॅनेलचा इंटरफेस घ्या. दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपला लावायची हौस करू नका. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं आणि लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शिवाय ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणातून रेकॉर्ड करतं.

पुढचं सांगता येत नसेल तर दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक घ्या. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर २१००एक्स हे दोन्ही तसे आहेत. माइकलाच हेडफोनचं भोक आहे ना, ते बघा. त्यातून स्वतःचा आवाज विनाविलंब ऐकू येतो. आणि कंडेन्सरसोबत साधी ३.५ मिलिमीटरची पिन देणारी किटं घेऊ नका. स्टुडिओच्या कंडेन्सरला सहसा ४८ व्होल्ट लागतात, लॅपटॉपच्या त्या भोकातून ते मिळत नाहीत.

टेबलाला आवळायचा स्टँड घ्या, नाहीतर हाताची प्रत्येक टकटक माइकमध्ये उतरते.

भाचीने दोन जोडण्यांचा डायनॅमिक घेतला. यूएसबीवर लावला, सगळ्यात मोठ्याने वाचायचं वाक्य वाचत रेकॉर्डिंगचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास आणला आणि गेन तिथेच सोडला. समोरच्या भिंतीवर ती रजई टांगायला निघाली होती, ती मी थांबवली. माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्या पाठीमागची भिंत दिसते. रजई तिथे हवी. मग तिने दिवाणावरची गादी पाठीमागे उभी केली आणि कपाटाच्या दाराच्या फटीत घडी घातलेला पंचा खोचला. पत्रा झणझणायचा थांबला.