टीव्हीची सणाची ऑफर कशी वाचावी: खिशातून खरंच किती जाणार ते काढण्याची रीत

टीव्हीच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा जवळजवळ कुणीच भरत नाही. तो शक्य त्या सगळ्या सवलती एकाच ग्राहकाला मिळाल्या असं धरून काढलेला असतो. दरवर्षी दसरा-दिवाळीला घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी टीव्ही ठरवून देण्याचं काम माझ्याकडे येतं. 'एमआरपीवर किती टक्के सूट आहे ते बघ' हा सल्ला तेव्हा हमखास कानावर येतो, आणि तो निरुपयोगी आहे. एमआरपीला टीव्ही कुणी विकत नाही. शिवाय ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची किंमत दाखवून 'बघा किती उतरली' म्हणण्यालाही अर्थ नाही.

मॉडेल नंबर पक्का करा

शेवटच्या अक्षरापर्यंत. सेलसाठी पुष्कळदा दिसायला सारखाच, पण एक-दोन अक्षरं वेगळी असलेला टीव्ही येतो. त्यात एचडीएमआय पोर्ट कमी असतात किंवा पॅनेल वेगळं असतं. किंमत त्याच नंबरची त्याच नंबरशी ताडा.

मोठा आकडा उलगडा

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. जाहिरात म्हणते, '५५ इंची फोर-के, ३५,५०० रुपयांपासून' आणि पुढे छोटी चांदणी. पान उघडलं की विक्रीची किंमत दिसते ४५,००० रुपये. मधले ९,५०० कुठून आले? जुन्या टीव्हीचे 'जास्तीत जास्त' ५,०००, एक्स्चेंज बोनस २,००० आणि एका बँकेच्या कार्डावर, तेही हप्त्यांनी घेतलं तर, २,५००. हे तीन आकडे कागदावर वेगवेगळे मांडा आणि प्रत्येकासमोर 'मला किती' ते लिहा.

कॅशबॅक असेल तर या कागदावर शून्य धरा. तो कधीतरी नंतर खात्यात येतो, अटी पाळल्या तर येतो. आज टीव्हीची किंमत त्याने कमी होत नाही.

जुना टीव्ही

'५,००० पर्यंत' या शब्दांतला 'पर्यंत' महत्त्वाचा. तो वरचा भाव मोठ्या आणि अलीकडच्या टीव्हीला असतो. आपल्या घरातल्या आठ-नऊ वर्षं जुन्या ३२ इंची एलईडीचा तपशील भरला की पानावर १,२०० येतात, असं धरू. बोनस त्यावर मिळतो, पण ठरावीक मॉडेलवरच, म्हणून तो शेवटच्या बिलाच्या पानावर वेगळी ओळ होऊन दिसतो का ते बघा. आपल्या हिशेबात १,२०० अधिक २,०००, म्हणजे ३,२००.

टीव्ही न्यायला आलेला माणूस दारातच तो चालू करून बघतो. पडद्यावर उभी रेघ असेल, एखादा कोपरा काळा असेल किंवा टीव्ही चालूच होत नसेल तर तो घेत नाही आणि ३,२०० तिथेच रोख भरा म्हणतो. त्यामुळे तपशील भरताना रेघ लपवू नका. आणि नवा टीव्ही पुढे परत करावा लागला तरी जुना माघारी येत नाही, हेही धरून चाला.

दुकानात नियम एकच. एक्स्चेंजचं नाव काढायच्या आधी टीव्हीचा भाव पक्का करून घ्या, शक्य तर चिठ्ठीवर लिहून घ्या. 'जुना आहे का, दादा?' हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो. त्याला उत्तर 'अजून ठरवलं नाही' एवढंच. आधी हो म्हटलंत की जुन्याचे तीन हजार मोठ्या मनाने मिळतात आणि नव्याच्या भावात तेवढेच घासाघीस न होता राहतात.

नो-कॉस्ट हप्ते: इथे थांबून वाचा

मला सगळ्यात जास्त वेळ हा भाग समजायला लागला, कारण दुकानातला माणूस, बँकेचा माणूस आणि जाहिरात तिघंही तो वेगवेगळ्या भाषेत सांगतात. 'नो-कॉस्ट म्हणजे फुकट, डोळे झाकून घे' असं सांगणाऱ्याने कार्डाचं पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट नीट वाचलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच म्हटलं होतं की क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के हप्ता योजनांमध्ये व्याज बहुधा झाकलेलं असतं आणि प्रोसेसिंग फीच्या रूपाने ग्राहकाकडून घेतलं जातं.

कार्डावर प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. बँक व्याज लावतेच. फक्त तेवढ्या व्याजाची रक्कम विक्रेता सुरुवातीलाच किमतीतून वजा करतो, म्हणून हप्त्यांची बेरीज मूळ किमतीएवढी येते. आपल्या टीव्हीचे ४५,००० मधून एक्स्चेंजचे ३,२०० आणि बँकेची २,५०० सूट गेली की राहतात ३९,३००. नऊ महिन्यांचे हप्ते, बँकेचा दर वर्षाला १६ टक्के. तर कर्ज लिहिलं जातं सुमारे ३६,८०० रुपयांचं आणि उरलेले साधारण २,५०० हे व्याज. हे व्याज सुटलं, ठीक. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कुणी सोडत नाही. तो झाला ४५० च्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. खर्च नसलेल्या हप्त्यांचा खर्च ६८५ रुपये. टीव्ही आपल्याला पडला ३९,९८५ ला.

आता त्याच पानावर 'पूर्ण रक्कम' निवडून बघा. हे कराच. समजा एकरकमी भरल्यावर बँकेची सूट १,५०० च आहे. मग किंमत येते ४०,३००. म्हणजे या उदाहरणात हप्तेच सुमारे ३०० रुपयांनी स्वस्त, आणि घ्यायला हरकत नाही. पण दोन्हीकडे सूट २,५०० च असती तर हप्ते ६८५ ने महाग पडले असते. हा निकाल दरवेळी वेगळा लागतो, म्हणून दोन्ही आकडे समोर ठेवल्याशिवाय बटण दाबू नका. टीव्ही परत केला तर फी आणि एव्हाना लागलेला जीएसटी सहसा परत मिळत नाही, आणि हप्ते फिटेपर्यंत कार्डाची मर्यादा तेवढ्याने अडकून राहते, हे दोन मुद्दे हप्त्यांच्या विरुद्ध बाजूला लिहा.

दुकानातल्या फायनान्सच्या टेबलावर मात्र जास्त सावध राहा. तिथे कार्ड नसतं, कर्ज असतं, आणि भाषा असते 'दहा हप्ते, त्यातले दोन आगाऊ'. समजा टीव्ही ४०,००० चा, हप्ता ४,०००, व्याज शून्य. दोन हप्ते म्हणजे ८,००० आणि फाइल चार्ज १,००० तुम्ही काउंटरवरच देता. उरले आठ हप्ते, ३२,०००. आता दुकानदाराला विचारा, 'आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला?' तो ३८,००० म्हणाला, तर खरा हिशेब असा: टीव्ही ३८,००० चा, तुम्ही ९,००० आधीच दिलेत, म्हणजे उधारी झाली २९,००० ची. ती तुम्ही आठ महिन्यांत ३२,००० देऊन फेडता. वरचे ३,००० म्हणजे वर्षाला साधारण २७ टक्के व्याज. शून्य टक्के म्हणून सही केलेल्या कागदावर!

म्हणून माझं ठाम मत आहे की रोख भाव विचारल्याशिवाय फायनान्सच्या टेबलाकडे जाऊच नये. आणि गेलात तर सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांसाठी ते देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर, फी आणि कर्जाला जोडलेला विमा असेल तर तोही दिसला पाहिजे. त्या कागदावर एकच गोष्ट कधीच दिसणार नाही, ती म्हणजे तुमची बुडालेली २,००० ची रोख सूट. ती तुम्हालाच मिळवावी लागते. 'मोबाइलवर ओटीपी आलाय, सांगा पटकन' म्हणाले तर आधी तो कशाचा ते मेसेजमध्ये वाचा. विम्याची संमतीही ओटीपीनेच घेतली जाते.

शेवटचं पान

पैसे भरण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा. वाढीव वॉरंटीवर आधीच टिचकी असेल तर ती काढा. ग्राहकाने न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं आणि शुल्क शेवटच्या टप्प्यावर उघड करणं, या दोन्ही युक्त्या केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आल्या आहेत. त्यामुळे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भिंत आणि तंत्रज्ञ

'मोफत इन्स्टॉलेशन' म्हणजे माणूस येण्याचे पैसे नाहीत, एवढंच. पायांवर टेबलावर उभा करणार असाल तर प्रश्न मिटला. भिंतीवर लावायचा असेल तर ऑर्डरच्या पानावर 'बॉक्समध्ये काय' ही यादी उघडा आणि त्यात वॉल माउंट लिहिलाय का बघा. नसेल तर तंत्रज्ञ स्वतःच्या पिशवीतून ब्रॅकेट काढतो आणि भाव तोच सांगतो. आपल्या हिशेबात ९०० धरा, म्हणजे टीव्ही गेला ४०,८८५ वर. जाहिरातीतल्या ३५,५०० पेक्षा ५,३८५ जास्त.

ब्रॅकेट आधीच बाहेरून आणणं सोपं आहे. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्या केंद्रांमधलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ २०० बाय २०० किंवा ४०० बाय ३००, मॉडेलच्या माहितीत दिलेलं असतं. तो आकडा आणि टीव्हीचं वजन सांगून ब्रॅकेट घ्या. सरकणारा किंवा वळणारा नको असेल तर साधा फिक्स पुरतो. एचडीएमआय केबल, स्पाइक गार्ड यांचंही तेच. लागणार असेल तर स्वतः आणा, दारात उभ्या माणसाकडून घेऊ नका.

खोका उघडल्यावर कुणालाही जाऊ देण्याआधी टीव्ही चालू करून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा बघा. फुटलेलं पॅनेल वॉरंटीत येत नाही, आणि ते वाटेत फुटलं की घरात, हा वाद नंतर जिंकणं अवघड असतं. डिलिव्हरीचा ओटीपी हे पाहून झाल्यावरच द्या. तंत्रज्ञाने पैसे मागितले तर कंपनीच्या नावाचं बिल मागा. बिल नाही म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला त्याच्यासमोरच फोन लावा, दर तिथून कळतो. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार नोंदवताना ऑर्डरच्या पानाचे ते स्क्रीनशॉट आणि बिल दोन्ही हाताशी ठेवा.