पुरणपोळी कुठे विकायची आणि चिवडा कुठे: ऑनलाइन जाण्याआधीची तयारी

घरगुती फराळाचा किंवा पोळ्यांचा व्यवसाय ऑनलाइन न्यायचा ठरला की बरेच जण आधी ॲपवर नोंदणी करतात आणि पहिलं स्टेटमेंट हातात पडल्यावर हिशेबाला बसतात. क्रम उलटा हवा. कोणत्याही वाटेने विकलं तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागतेच, ती काढायला द्या आणि तोवर वही उघडा. तुम्ही विकता त्या प्रत्येक जिनसेला एक पान द्या. बाजारपेठेची साइट, जेवण पोचवणारं ॲप आणि स्वतःचा व्हॉट्सॲप नंबर यांतलं चांगलं कोणतं, याला सरसकट उत्तर नाही. ते पदार्थागणिक बदलतं. पुरणपोळी दोन-तीन दिवसांची सोबतीण, तिला देशभर पाठवणाऱ्या साइटचा उपयोग नाही. चिवडा नीट बंद केला तर काही आठवडे कुरकुरीत राहतो, त्याला अर्ध्या तासात पोचवणाऱ्या ॲपची गरज नाही.

पोळीच्या पानावर आधी खरा खर्च लिहा. समजा चार पोळ्यांचं पाकीट तुम्ही २०० रुपयांना देता. डाळ, गूळ, तूप, गॅस मिळून ८० रुपये, मजुरी ३५, डबा आणि पिशवी १०. म्हणजे १२५. मजुरीत स्वतःचे हातही धरा. ते सोडले, तर पुढचा सगळा हिशेब फसवा निघतो.

आता ॲपचा करार घ्या आणि कमिशनचा आकडा शोधा. धरा, तो २५ टक्के आहे, म्हणजे ५० रुपये. पण या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ९ रुपये. १ जानेवारी २०२२पासून ॲपवरून गेलेल्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी ॲपच ग्राहकाकडून घेऊन भरतं, त्यामुळे या ऑर्डरींवर स्वयंपाकघराला भरायचा करच उरत नाही आणि हे ९ रुपये त्यातून वळते करून घेता येत नाहीत. तो सरळ तुमचा खर्च. २००मधून ५९ गेले, उरले १४१. त्यातून १२५ वजा केले की हातात १६ रुपये. पेमेंटचं शुल्क वेगळं लावलेलं असेल तर त्याहूनही कमी.

याच करारातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे: सवलतीचा भार कोणावर, आणि कमिशन सवलतीच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या? पाकिटावर २० रुपये सूट दिली आणि ती सगळी तुमच्या खात्यातून गेली असं धरा. कमिशन १८०वर मोजलं, तर जेमतेम २ रुपये उरतात. ते २००वरच मोजलं, तर प्रत्येक पाकिटामागे ४ रुपये खिशातून जातात. ऑर्डरी वाढलेल्या दिसतात आणि महिनाअखेर पैसे पुरत नाहीत, तेव्हा बहुधा इथेच गळती असते. ती शोधायला एकूण विक्री पाहू नका. खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम ऑर्डरींच्या संख्येने भागा आणि तो आकडा १२५शी ताडून पाहा.

चिवड्याचं पान वेगळं निघतं. साइटवर राज्याबाहेर विकायचं तर जीएसटी नोंदणी लागते, पण ती घेतली की साइटच्या शुल्कावरचा कर चिवड्यावरच्या करातून वळता होतो. म्हणून इथे करासकट किंमत न धरता कराविनाची धरा. अर्धा किलोचं २५० रुपयांचं पाकीट, त्यातला ५ टक्के कर काढला की २३८. बनवण्याचा आणि बांधण्याचा खर्च १३०. साइटचं कमिशन २०, प्रत्येक ऑर्डरचं ठरीव शुल्क १०, वजनानुसार वाहतूक ६०, असे ९० धरले तर हातात उरतात १८. दोन पाकिटांचा जोड करून पाहा. किंमत कराविना ४७६, कमिशन ४०, ठरीव शुल्क तेच १०, वाहतूक दुप्पट न होता समजा ८५. दोन पाकिटांचा खर्च २६० वजा करून उरतात ८१. या वाटेवर कमिशनपेक्षा वजनाचं शुल्क जास्त खातं, हे माझं ठाम मत आहे. म्हणून साइटवर एकटं छोटं पाकीट ठेवूच नका, चिवडा-चकली-शंकरपाळी असा जोड ठेवा. चकली मोडून पोचली की ते पार्सल परत येतं, आणि अशा एका पार्सलमध्ये कित्येक चांगल्या ऑर्डरींचा नफा जातो. नोंदणीआधी एक खोकं बांधून गावातल्या नातेवाइकांकडे कुरिअरने पाठवा आणि उघडताना फोटो मागवा.

तिसरी वाट स्वतःची. इथे कमिशन नाही आणि बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर शुल्क नाही, म्हणून २००मधून १२५ जाऊन ७५ उरतात असं वाटतं. तसं नसतं. पोचवण्याचे ५० रुपये निम्मे तुम्ही सोसले तर २५ गेले. "ताई, आज आहेत का? गुळाच्या की साखरेच्या?" इथपासून पत्ता समजावण्यापर्यंत ऑर्डरीमागे दहा मिनिटं जातात, त्यांचे १७ धरा. उरले ३३. तरीही ॲपच्या दुप्पट. ते टिकवायचे असतील तर भाव, प्रकार आणि ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ असा एकच तयार निरोप लिहून ठेवा आणि पैसे आगाऊ घ्या.

आकडे झाले की ताबा कोणाकडे राहतो ते तपासा. यात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो 'आज बस' म्हणण्याचा हक्क. होळीच्या दिवशी शंभर पोळ्यांचंच पुरण शिजणार असेल, तर स्वतःच्या नंबरवर आदल्या दुपारी नोंदणी बंद करता येते. ॲपवर वेळेत बंद करायचं राहिलं तर ऑर्डरी येत राहतात, आणि त्या नाकारल्या की दंड किंवा यादीत घसरण. म्हणून सणाच्या दिवशी ॲपवर पोळी ठेवायची की नाही, हे आधीच ठरवून ठेवा. इतरत्र याहून स्वस्त विकायचं नाही असं कलम करारात आहे का, तेही वाचा. अशा भावबरोबरीच्या अटींसह रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने केलेल्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला होता. ते कलम असेल, तर ॲपवर भाव चढवून कमिशन भरून काढण्याची वाट बंद होते.

मग कमिशन द्यायचंच नाही का? द्यावं, पण अनोळखी माणूस दारी आणून दिल्याबद्दल. तोच माणूस दहाव्यांदा मागवतो तेव्हाही ५९ रुपये जात असतील, तर ते परवडत नाही. बांधून विकलेल्या मालाच्या वेष्टणावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि ग्राहकाने तक्रारीसाठी संपर्क कुठे करायचा हे छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यात स्वतःचा नंबर ठळक आणि वाचता येईल असा छापा, म्हणजे जुना ग्राहक थेट तिथे मागवू शकेल, आणि तिथे फोन आला तर उचला. वेगळं पत्रक घालायला मात्र काही करारांत मनाई असते, ते पाहून घ्या.

सुरुवात करताना ॲपवर दोनच जिनसा ठेवा, ज्यांच्यावर सवलत सोसूनही १५-२० रुपये उरतात. साइटवर टिकाऊ जोड आणि सणाची आगाऊ नोंदणी फक्त स्वतःच्या नंबरवर. महिनाभर प्रत्येक ऑर्डरीपुढे ग्राहक नवा की जुना एवढी एक खूण करत जा. ॲपवरच्या ऑर्डरींत नाव आणि पत्त्यावरून ओळखता येतं तेवढं पुरे. जुन्यांचा वाटा निम्म्यावर गेला, की ॲपवरची एक जिन्नस काढून टाका आणि त्यातून वाचलेला वेळ स्वतःच्या नंबरवर आलेल्या निरोपांना द्या.