स्टिकर बसण्याचा, शी होण्याचा नाही

लेक सात वर्षांचा. शी दाबून धरायचा, चड्डीला रोज डाग. डॉक्टरांनी आधी औषधाने साठलेला मळ काढला, शी मऊ ठेवणारं औषध चालू ठेवलं आणि सांगितलं, जेवणानंतर कमोडवर बसवा. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, तीच वेळ साधायची.

मी उत्साहाने तक्ता लावला: शी झाली की स्टिकर. चौथ्या दिवशी पठ्ठ्या आत बसून नुसतंच फ्लश करून "झाली!" म्हणत बाहेर आला. चूक माझीच. शी होणं त्याच्या हातात नव्हतं, बसणं होतं.

मग नियम बदलला. नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर वीसेक मिनिटांनी, पाच मिनिटं बसायचं. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली देवघरातला जुना पाट. टायमर वाजला की स्टिकर लगेच, तोही त्यानेच चिकटवायचा. पाच झाले की रात्री एक गोष्ट जास्त. डाग पडला तरी लावलेला स्टिकर काढायचा नाही (आजीला हे पटायला वेळ लागला).

तिसऱ्या आठवड्यात डाग कमी झाले. मध्ये शी पुन्हा खड्यासारखी झाली तेव्हा मात्र तो बसायलाच तयार होईना. तिथे स्टिकर काय करणार, डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण बदलावं लागलं.